गुरुजींचा मेल आणि सहा प्रश्न

महाडला माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले आणि फॉर्म यांच्या जोडीला लोक पत्रंही घेऊन येतात: कुणाचं विजेच्या बिलाचं, कुणाचं पीकविम्याचं, कुणाचं मुंबईच्या कंपनीतल्या थकलेल्या पगाराचं. जवळपास सगळी पत्रं एकाच घडणीची असतात. नमस्कार, मग एक लांबलचक परिच्छेद, शेवटी ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’. विचारायचं असतं ते त्या परिच्छेदाच्या पोटात कुठेतरी असतं. अशा पत्रांवर मी बराच हात फिरवला आहे. त्यातल्या एकाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्या पत्रावर माणसांच्या झोपण्याची जागा ठरायची होती.

२२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी माझ्या माहेरच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. महाड शहर सावित्रीच्या पाण्याखाली होतं, त्यामुळे वाड्यांपर्यंत मदत पोहोचायलाही वाट नव्हती. आमच्या वाडीत कुणी दगावलं नाही, पण वाडीच्या वरच्या माळावर भेग पडली. पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या निवृत्त गुरुजींनी त्या भेगेबद्दल एका भूवैज्ञानिकांना मेल लिहिला. उत्तर आलं ते दोन ओळींचं: पावसात सावध राहा, प्रशासनाच्या संपर्कात राहा. ते गृहस्थ त्या हंगामात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर फिरत होते आणि मेल वाचत होते ते गाडीत, मोबाइलवर. गुरुजी मेलची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले. ‘बाय, मी एवढं सगळं लिहिलं, आणि त्यांनी काहीच सांगितलं नाही.’

गुरुजींचा मेल दीड पानाचा होता. त्यातला मधला भाग असा होता:

‘दि. २२ जुलैच्या पावसात वाडीच्या वर गुरचरणीच्या माळावर भेग पडली असून दसऱ्यास पाहिली तेव्हा हात जाईल एवढी रुंद होती, आता पालापाचोळ्याने भरली आहे, ती बुजवावी असे काहींचे म्हणणे आहे परंतु बुजवल्याने धोका कळणार नाही असेही काहीजण म्हणतात. तसेच शाळेमागे नवा झरा फुटला असून हे लक्षण कशाचे ते कळत नाही. अतिवृष्टीच्या रात्री शाळेत आसरा घ्यावयाचे ठरले आहे परंतु शाळाही त्याच उताराखाली येते. पुनर्वसनाच्या यादीत वाडीचे नाव आहे किंवा कसे याचा खुलासा नाही.’

मराठी म्हणून हे उत्तम आहे. पण यात एकही प्रश्नचिन्ह नाही. वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला हकिकत कळवली आहे. हकिकतीला माणूस सहानुभूती कळवतो, आणि त्यांनीही तेच केलं होतं.

मी छापील प्रतीवर पेनने खुणा करायला बसले. प्रश्न शोधायला प्रश्नचिन्हं उपयोगी नसली की मी ठरावीक शब्द धरते: ‘कळत नाही’, ‘असे म्हणतात’, ‘किंवा कसे’, ‘परंतु’. प्रत्येकाच्या मागे एक दबलेला प्रश्न असतो. ‘शाळेत आसरा घ्यावयाचे ठरले आहे परंतु’ हे वाक्य वाचून माझ्याच पोटात गोळा आला. सगळ्या वाडीनं शाळेत झोपायचं का, हा जिवाचा प्रश्न त्या ‘परंतु’त अडकून पडला होता, आणि तोही दुसऱ्या पानावर.

दीड पानातून नऊ प्रश्न निघाले. पण नऊच्या नऊ त्यांना विचारायचे नव्हते. पुनर्वसनाची यादी तहसील कचेरीचं काम. भूवैज्ञानिक त्यावर काय बोलणार? तो प्रश्न वेगळ्या अर्जात गेला. दोन प्रश्नांची उत्तरं वाडीतच होती: भेग किती लांब आणि वरच्या घरापासून किती अंतरावर. गुरुजींनी पोरांना दोरी देऊन माळावर पाठवलं. भेग साठ फूट निघाली आणि वरच्या घरापासून साडेतीनशे फुटांवर. हे आकडे प्रश्नांच्या आधी दोन ओळींत गेले, म्हणजे पलीकडच्याला उलट विचारावं लागणार नाही.

राहिले सहा. त्यांना आकार देताना मला विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या आठवल्या. तिथे तारांकित प्रश्न असाच पोटप्रश्नांत फोडलेला असतो: (१) अमुक झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास, कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय. मंत्र्यांचं उत्तरही त्याच आकड्यांनी येतं, त्यामुळे कशाचं उत्तर मिळालं आणि कशाचं नाही ते लगेच दिसतं. ही त्या रचनेची ताकद. पण तिच्यात एक पळवाटही आहे. पहिल्याला ‘नाही’ म्हटलं की ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे प्रश्न ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर संपतात. म्हणून मी प्रत्येक प्रश्न स्वतःच्या पायावर उभा ठेवला. ‘वरीलप्रमाणे असल्यास’ कुठेही नाही, आणि एका आकड्यात दोन प्रश्न नाहीत. एका आकड्यात ‘बुजवावी का आणि कशाने’ असं विचारलं, तर घाईतला माणूस ‘हो’ म्हणून पुढे जातो आणि ‘कशाने’ राहून जातं.

शेवटी मेल असा झाला:

१. अतिवृष्टीच्या रात्री वाडीने शाळेत झोपावे का? (हो / नाही. शाळा व भेग दाखवणारा नकाशा: फोटो १)

२. भेग आता बुजवावी का? (हो / नाही. फोटो २)

३. भेग बुजवण्यासाठी काय वापरावे?

४. भेग वाढते का हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजणार आहोत. अंतर किती वाढले की वाडी सोडावी?

५. शाळेमागच्या नव्या झऱ्यात काय बदल दिसला तर धोका समजावा?

६. आपण ३० एप्रिलपूर्वी वाडी पाहायला येऊ शकाल का? (शक्य असल्यास तारीख)

विषयाच्या ओळीत लिहिलं: ‘पोलादपूर तालुका, वाडीवरील भेग: ६ प्रश्न’. गाडीत बसलेल्या माणसाला मेल उघडण्याआधीच कळावं की काम किती आहे.

क्रमावरून गुरुजींशी बराच वेळ चर्चा झाली. त्यांच्या मते भेग आधी पडली, म्हणून भेगेचा प्रश्न आधी. हकिकत सांगताना तसंच सांगतात. पण घाईतला माणूस पहिल्या दोन-तीनांची उत्तरं देतो आणि फोन वाजला की उरलेली राहतात, हे मी केंद्रात सतत पाहते. म्हणून एकच उत्तर मिळणार असेल तर कोणतं हवं, तो प्रश्न पहिला. ज्याला लांब उत्तर लागेल किंवा डायरी बघावी लागेल, तो शेवटी. वेळ लागणारा प्रश्न वर असला की माणूस ‘सावकाश लिहू’ म्हणून सगळाच मेल बाजूला ठेवतो.

आकडे मी हाताने टाइप केले. मोबाइल आणि संगणक यादीला आपोआप आकडे देतात, पण तसे आकडे दगा देतात. उत्तर देणाऱ्याने झालेला प्रश्न पुसला की खालचे सगळे वर सरकतात, आणि ‘४ ला हो’ म्हणजे कशाला हो, ते कुणालाच कळत नाही. इथे ते चालण्यासारखं नव्हतं.

गुरुजींना एक गोष्ट मात्र मनापासून खुपत होती. ‘हे नोटिशीसारखं दिसतंय, बाय. मोठ्या माणसाला असं एकदोनतीन विचारतात का?’ त्यांचं चुकत नव्हतं. नुसते आकडे मांडले तर उलटतपासणी वाटते. म्हणून वर नमस्कार, आपण कोण आणि वाडी कुठे हे सांगणाऱ्या ओळी, आणि ‘प्रत्येक आकड्यापुढे एक-दोन शब्द लिहिलेत तरी आम्हाला पुरेल’ हे वाक्य ठेवलं. त्या वाक्याने समोरच्याचं ओझं उतरतं. आणि गुरुजींचं दीड पान मी फेकलं नाही. सहीखाली ‘सविस्तर हकिकत’ म्हणून पूर्ण ठेवलं. वाचायचं असेल त्याने वाचावं. सगळीच पत्रं अशी फोडावीत असंही मी म्हणणार नाही. तळियेतून एक बाई माझ्याकडे घरातल्या माणसांबद्दल लिहून घ्यायला आल्या होत्या. त्यांचा मजकूर जसा त्यांच्या तोंडून आला तसाच मी टाइप केला.

भूवैज्ञानिकांचं उत्तर आलं तेव्हा ते आमच्याच मेलमध्ये, आकड्यांपुढे लिहिलेलं होतं. १: नाही, शाळेत झोपू नका, त्या उतारापासून दूर जागा शोधा. २: हो. ३: पालापाचोळा काढून चिकणमाती ठोकून भरा, भेगेच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूच्या पऱ्ह्यात सोडा, पावसाचं पाणी भेगेत उतरता कामा नये. ४: ठरावीक आकडा देता येत नाही, वाढतेय एवढं दिसलं तरी वाडी सोडा आणि मला कळवा. ६: एप्रिलअखेर येतो.

पाचापुढे काहीच नव्हतं. जुन्या मेलमध्ये काय राहिलं हे शोधायला दीड पान पुन्हा वाचावं लागलं असतं. इथे मोकळी जागा डोळ्यांना दिसत होती. गुरुजींनी आभार मानून एक ओळ पाठवली: ‘प्रश्न ५ चे उत्तर राहिले आहे.’ आकडा तोच ठेवला, नव्या मेलमध्ये त्याला १ केलं नाही, नाहीतर पुढे दोन ‘१’ झाले असते. त्याच संध्याकाळी उत्तर आलं: स्वच्छ झरा अचानक गढूळ झाला, किंवा भर पावसात अचानक आटला, तर थांबू नका.

चौथ्या उत्तरावर वाडीत कुरकुर झाली. लोकांना आकडा हवा होता, दोन इंच की चार इंच. पण उताराची माती, खालचा कातळ आणि आत शिरलेलं पाणी जागोजागी वेगळं असतं, तेव्हा एकच आकडा देणं भूवैज्ञानिकांना प्रामाणिकपणे शक्य नव्हतं. प्रश्न नीट मांडला म्हणून उत्तर असतंच असं नाही. मात्र ‘सावध राहा’ आणि ‘आकडा नाही, वाढ दिसली की निघा’ यांत फार फरक आहे. दुसऱ्यावर वाडीला नियम करता आला.

वाडीने खुंट्या ठोकल्या, आणि पावसाळ्यात रोज सकाळी अंतर मोजून वहीत लिहायचं काम दहावीतल्या दोन मुलींनी घेतलं. रात्रीच्या आसऱ्यासाठी शाळेऐवजी पऱ्ह्यापलीकडच्या पठारावरचं देऊळ ठरलं. भूवैज्ञानिक एप्रिलअखेर आले तेव्हा त्यांनी देवळाची जागा आधी पाहिली, मग भेग. जाताना गुरुजींनी त्यांच्या हातात कागद दिला. त्यावर नवे तीन प्रश्न होते, ७, ८ आणि ९.