सरांचं बोलणं, तीन मुद्द्यांत

आमच्या कुमारी गटाच्या कबड्डी संघाबरोबर मी व्यवस्थापक म्हणून जाते. सामना संपला की सर मुलींना मॅटच्या कडेला गोल बसवून वीस-पंचवीस मिनिटं बोलतात. त्या वेळी मुलींची धाप उतरलेली नसते, हरलो असलो तर दोघी-तिघी रडत असतात. सर तळमळीने सांगतात, पण त्यातलं फार थोडं टिकतं. म्हणून त्यांच्या परवानगीने मी ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करते आणि पुढच्या सरावाआधी त्यातून जास्तीत जास्त तीन मुद्दे काढून मुलींना देते.

फोन सरांच्या खिशात ठेवला तर कापड घासल्याचा आवाज येतो आणि निम्मं बोलणं कळत नाही. शेजारच्या मैदानावरच्या शिट्ट्या आणि माईक तर असतोच. त्यामुळे फोन मी गोलाच्या मध्ये, पिशवीवर ठेवते. घरी आल्यावर पहिल्यांदा काहीही न लिहिता सगळं ऐकते. दुसऱ्यांदा ऐकताना वहीत वेळ आणि वाक्य टिपते. पंच, ड्रॉ, मॅट घसरडी होती, हे सगळं वगळते. सर जे पुन्हा पुन्हा बोलतात त्याच्यापुढे खूण करते, कारण त्यांच्या मनात खरं काय सलतंय ते तिथे कळतं.

अवघड भाग त्यानंतर येतो. गेल्या मोसमातला एक सामना आम्ही मध्यंतराला पुढे असूनही हरलो. त्या रेकॉर्डिंगमध्ये सर सुरुवातीला म्हणतात, “घाई का करता गं पकडीची? थांबा की जरा!” आणि शेवटाकडे तितक्याच जोरात, “उभ्या काय राहिलात सगळ्या? हात कोण घालणार?” दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहून दिली असती तर मुली गोंधळल्याच असत्या. मी गुणपत्रक काढलं, एका पालकाने केलेलं चित्रण पाहिलं आणि दोन्ही वाक्यं सामन्यातल्या कुठल्या प्रसंगांबद्दल आहेत ते शोधलं.

पहिलं वाक्य होतं आमच्या सातही जणी मैदानात असतानाचं. समोरच्या मुलीने निदान रेषाही ओलांडली नव्हती, तोच आमच्या डाव्या कोपऱ्याने घोट्यावर झेप टाकली. खरं तर ती रेषा न ओलांडता, कुणाला स्पर्शही न करता चढाईवाली परत गेली तर तीच बाद होते. तिला आत येऊ देण्यात आमचाच फायदा होता. दुसरं वाक्य होतं आमच्या तिघीच उरल्या होत्या तेव्हाचं. तिघी किंवा त्याहून कमी असताना पकड झाली की सुपर टॅकलचे दोन गुण मिळतात. मागे सरत राहिलं तर एकेक जण बाद होत जाते आणि लोण बसतो. नेमकं तसंच झालं होतं. म्हणजे सरांच्या बोलण्यात विसंगती नव्हती. मैदानात किती जणी आहेत, एवढंच रेकॉर्डिंगमध्ये उच्चारलं गेलं नव्हतं.

म्हणून मी प्रत्येक मुद्दा ‘कधी’ने सुरू करते आणि ‘काय करायचं’वर संपवते. त्या सामन्याचे मुद्दे असे झाले:

सहा-सात जणी असताना: चढाईवाली निदान रेषा ओलांडेपर्यंत कोपऱ्याने हात घालायचा नाही.

तिघी किंवा कमी असताना: डाव्या कोपऱ्याने आवाज दिला की सगळ्यांनी एकदम जायचं, एकटीने नाही.

आघाडी असताना शेवटची दोन मिनिटं: पहिल्या दोन चढायांत निदान रेषा ओलांडून, वेळ काढून परत यायचं, गुणासाठी जायचं ते तिसऱ्या चढाईला.

‘एकाग्रता ठेवा’, ‘जिद्दीने खेळा’ असली वाक्यं मी मुद्द्यांत घेत नाही. सर ती मनापासून म्हणतात, पण मैदानात उभ्या असलेल्या मुलीला त्यातून पाय कुठे टाकायचा ते कळत नाही. कुणाचं नावही लिहीत नाही. नाव घेऊन सांगायचं असेल ते सर त्या मुलीला बाजूला घेऊन सांगतात. मुद्दे मुलींना देण्याआधी सरांना वाचून दाखवते. त्या दिवशी दुसऱ्या मुद्द्यातला ‘डाव्या कोपऱ्याने’ हा शब्द सरांनी घातला. मी नुसतं ‘आवाज दिला की’ लिहिलं होतं, आणि आवाज कुणी द्यायचा हे ठरवणं त्यांचंच काम.

मुद्दे लक्षात राहिले का, हे वाचायला लावून कळत नाही. सरावात सर अचानक खेळ थांबवतात आणि विचारतात, “आत्ता किती जणी आहात? मग काय करायचं?” दोन-तीन सरावांनंतरही उत्तर अडखळत आलं, तर मुद्दा लांब झालाय असं समजून मी तो छोटा करते.

सरांच्या आवाजातला राग आणि माया मात्र या कागदावर येत नाही. म्हणून आपल्या संघासाठी असे मुद्दे काढणाऱ्यांना एवढंच सांगेन: कागद आहे म्हणून सामन्यानंतरची बैठक कमी करू नका, आणि प्रशिक्षकांनी वाचल्याशिवाय एकही ओळ खेळाडूंना देऊ नका.