थिसिसमधलं ‘मर्यादा’ नावाचं पान

एमडी किंवा एमएस करताना प्रत्येक डॉक्टरला पेशंट बघण्याबरोबर एक प्रबंधही लिहावा लागतो. आम्ही त्याला थिसिसच म्हणतो. अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी तो विद्यापीठाकडे जमा करायचा असतो. गाईड म्हणून असा थिसिस हातात आला की मी आधी चर्चेच्या प्रकरणाचा शेवट उघडते. तिथे ‘अभ्यासाच्या मर्यादा’ असा एक छोटा भाग असतो. विद्यार्थ्याला स्वतःचं काम किती कळलंय, हे मला त्या पानावर सगळ्यात लवकर दिसतं.

हे पान दोन तऱ्हेने बिघडतं. काही जण लिहितात, ‘नमुना लहान होता, वेळ कमी होता, अभ्यास एकाच रुग्णालयात झाला.’ ही वाक्यं मोतीबिंदूच्या थिसिसला चालतात आणि मलेरियाच्याही. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. काही जण उलट इतके घाबरतात की ‘त्यामुळे आमचे निष्कर्ष विश्वासार्ह मानता येणार नाहीत’ असं लिहून मोकळे होतात. मग दोन वर्षांची मेहनत कशासाठी केली, असा प्रश्न पडतो.

एक उदाहरण घेऊन सांगते. विद्यार्थिनीची ओळख कळू नये आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे बदलले आहेत. थिसिस इंग्रजीत असतो, मी इथे मराठीत सांगते आहे.

विषय होता गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या. आपल्याकडे दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक अशा १८० दिवस गोळ्या दिल्या जातात. त्या खरोखर घेतल्या जातात का, हे तिला बघायचं होतं. तिने आमच्या ओपीडीत आलेल्या, सातवा महिना उलटलेल्या १२० स्त्रियांना विचारलं आणि प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासलं. ७८ जणींनी ‘गोळ्या नियमित घेते’ असं सांगितलं, ४२ जणींनी ‘चुकतात’ असं. नियमित घेणाऱ्या ७८ पैकी ३१ जणींचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली होतं, म्हणजे सुमारे ४० टक्के. चुकवणाऱ्या ४२ पैकी २७ जणींचं, म्हणजे सुमारे ६४ टक्के.

तिने मर्यादांमध्ये पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘माहिती स्त्रियांनी स्वतः सांगितलेली असल्याने ती चुकीची असू शकते.’ मी विचारलं, “चुकीची म्हणजे कुठल्या बाजूला?”

ती म्हणाली, “मॅडम, घेत नसलेल्या बायका घेते म्हणतात. घेत असलेली बाई नाही कशाला म्हणेल?”

“अगं, मग हेच लिही ना.”

सगळं काम या प्रश्नात आहे. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत, यासाठी ‘स्ट्रोब’ नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक यादी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीही हेच मागते: त्रुटी कोणती ते सांगा, शिवाय ती निकालाला कुठल्या दिशेला आणि किती ओढते तेही सांगा. दिशा सांगितली की कबुलीचा वाचणाऱ्याला उपयोग होतो.

इथे त्याचा अर्थ काय? ‘नियमित’ गटात काही गोळ्या न घेणाऱ्याही मिसळल्या आहेत. म्हणून ६५ टक्के नियमित घेतात हा आकडा फुगलेला आहे. पण दोन गटांतला फरक या मिसळीमुळे पुसट होतो, म्हणजे खरा फरक दिसतो त्याहून मोठा असू शकतो. याला एक अट आहे: स्वतःचं हिमोग्लोबिन कमी आहे हे कळल्यामुळे बाईने उत्तर बदललेलं नसावं. विद्यार्थिनीने प्रश्न त्या दिवशीचा रिपोर्ट येण्याआधी विचारले होते. हे पद्धतीच्या प्रकरणात कुठेतरी दडलेलं होतं, ते आम्ही इथे वर आणलं. आधीच्या तपासणीचा आकडा काहींना ठाऊक असणार, हेही लिहिलं.

दुसरी मर्यादा उलट बाजूला ओढणारी होती. जी बाई आठवणीने गोळी घेते, तिच्या घरी खाण्यापिण्याकडेही लक्ष असण्याची शक्यता जास्त. मग हिमोग्लोबिन गोळीमुळे चांगलं की जेवणामुळे? शिवाय गरोदरपणाच्या सुरुवातीला कोणाचं हिमोग्लोबिन किती होतं, ही नोंद तिच्याकडे नव्हती. एकाच दिवशी मोजलेल्या आकड्यांवरून हे वेगळं करता येत नाही. यामुळे गोळ्यांचा परिणाम आहे त्याहून मोठा वाटू शकतो. दोन त्रुटी विरुद्ध दिशांना ओढतात म्हणून त्या एकमेकींना कापतात, असं म्हणायची सोय नाही. कोणती किती मोठी, हे मोजलेलं नाही. ते तसंच लिहायचं.

तिसरी मर्यादा नमुन्याची. ‘लहान होता’ म्हणण्याऐवजी तिने आकडा दिला: दोन गटांत फरक २४-२५ टक्क्यांचा दिसला, पण १२० स्त्रियांवरून तो अंदाजे ६ ते ४३ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. फरक आहे असं म्हणायला जागा आहे, तो नेमका किती हे म्हणायला नाही. आणि ज्या बायका ओपीडीपर्यंत पोचतच नाहीत, त्यांच्याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही.

मग हातात काय उरलं? बरंच उरलं. गोळ्या चुकवणाऱ्या ४२ जणींना तिने कारण विचारलं होतं. २६ जणींनी मळमळ, बद्धकोष्ठता किंवा काळी शौच ही कारणं सांगितली. त्यातल्या बहुतेकींना लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. ‘मी गोळ्या चुकवते’ असं खोटं सांगण्यात कोणाचाच फायदा नाही, त्यामुळे पहिल्या मर्यादेचा याला फारसा धक्का लागत नाही. या स्त्रिया ओपीडीत येत होत्या, आमच्यासमोर बसत होत्या, तरी हे बोलणं झालं नव्हतं. या अभ्यासाचं खरं योगदान हे होतं, आणि मर्यादा लिहिता लिहिताच ते तिच्या लक्षात आलं. म्हणून त्या भागाचं शेवटचं वाक्य असं झालं: ‘गोळ्यांमुळे हिमोग्लोबिन किती वाढतं हे या अभ्यासातून ठरवता येत नाही, ओपीडीत नियमित येणाऱ्या स्त्रियाही कोणत्या कारणांनी गोळ्या सोडतात, हे दिसतं.’

एक काम राहिलं होतं. निष्कर्षात अजून ‘अनियमित सेवनामुळे रक्तक्षय होतो’ असं वाक्य होतं. मर्यादांमध्ये कारण सांगता येत नाही म्हणायचं आणि पुढच्याच पानावर ‘मुळे’ लिहायचं, हे चालत नाही. बाहेरून आलेले परीक्षक बोट नेमकं तिथेच ठेवतात. तिने तो शब्द काढला आणि ‘चुकवणाऱ्या गटात रक्तक्षयाचं प्रमाण जास्त आढळलं’ असं लिहिलं.

‘अमुक खाल्ल्याने तमुक आजार टळतो’ अशी बातमी घेऊन पेशंट माझ्याकडे येतात, तेव्हा मीही हाच ‘मुळे’ शोधते. किती लोक होते, त्यांना नुसतं विचारलं की मोजलं, आणि चूक असलीच तर कुठल्या बाजूला, एवढं मूळ अभ्यासात लिहिलेलं असेल तर तो निश्चिंतपणे वाचावा. आणि हो, लोहाच्या गोळ्या चालू असताना शौच काळी झाली तर सहसा घाबरायचं कारण नाही. गोळ्या मनाने बंद करू नका. मात्र शौच डांबरासारखी चिकट असेल, रक्त दिसलं किंवा पोट दुखत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.