माफीतला ‘जर’

मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री पावणेअकराला आम्ही एक मेल पाठवला. मेल दोन ओळींचा होता: जयंतीच्या पुस्तक स्टॉलच्या तयारीसाठी रविवारी सकाळी दहाला अभ्यासिकेत बैठक आहे, सर्वांनी यावे. तो अडतीस जणांना गेला. त्या दोन ओळींच्या खाली आमचे दोघांचे आपापसातले बोलणेही गेले. ते ज्यांच्याविषयी होते, तेही त्या अडतीस जणांत होते.

त्यांना इथे काका म्हणू. वस्तीत सगळे त्यांना तसेच हाक मारतात. अभ्यासिकेचे पंखे, ट्यूबलाइट आणि पुस्तकांची तीन कपाटे त्यांनी दारोदार फिरून जमवलेल्या वर्गणीतून आलेली आहेत. दोन वर्षांपासून काका मेल वापरतात. टाइप करत नाहीत, मोबाइलवर बोलतात आणि मोबाइल लिहितो. त्यामुळे त्यांच्या मेलमध्ये ‘वर्गणी’चे ‘वर्ग नी’ होते, पूर्णविराम कुठेच नसतो आणि एकच वाक्य दीड पान चालते. त्या आठवड्यात असाच एक लांब मेल त्यांनी सगळ्यांना पाठवला होता: स्टॉल कुठे लावायचा, कुणी कधी बसायचे, मागच्या वर्षी किती खर्च झाला.

त्या मेलवर आम्ही एकमेकांना लिहिले. ते शेरे इथे जसेच्या तसे देत नाही; ते एकदा अडतीस ठिकाणी पोहोचले तेवढे पुरे. प्रकार सांगतो. एक शेरा त्यांच्या भाषेवर होता. दुसरा, प्रत्येक बॅनरवर आपले नाव असावे असे त्यांना वाटते, यावर होता. तिसरा, खर्चाच्या पावत्या जोडलेल्या नाहीत, यावर. पहिले दोन निव्वळ टवाळी होती. तिसऱ्यात प्रश्न खरा होता, पण लिहिला होता टवाळीच्याच सुरात.

हे घडले कसे, हेही सांगायला हवे, कारण ‘चुकून गेले’ एवढ्याने काही कळत नाही. बैठकीचा मेल नव्याने लिहायचा कंटाळा केला. आमच्या दोघांच्या बोलण्याचा धागा समोर उघडाच होता. त्यालाच उत्तर द्यायला घेतले आणि वरच्या रकान्यात काकांच्या मेलमधले सगळे पत्ते आणून टाकले. जीमेल उत्तराखालचा जुना मजकूर तीन टिंबांच्या आड दुमडून ठेवते. लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, पण मेलबरोबर जातो. सरळ Reply all दाबून त्यात नवे पत्ते जोडले तरी नेमके हेच होते: मधल्या कुणी कुणाला काय लिहिले ते टिंबांखाली राहते आणि नव्या लोकांपर्यंत पोहोचते. बोट आमच्यापैकी कुणाचे होते, हे सांगणार नाही. शेरे दोघांचे होते.

अकराला पाच कमी असताना पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. “खालचं वाचलंत का तुम्ही, काय पाठवलंय ते?” त्या एवढेच म्हणाल्या.

पुढची वीस मिनिटे मेल परत घेता येतो का, हे शोधण्यात गेली. घेता येत नाही. जीमेलमधले Undo Send म्हणजे मेल काही सेकंद रोखून धरणे. सेटिंग बदलले नसेल तर पाच, जास्तीत जास्त तीस. तेवढा वेळ गेला की मेल समोरच्याचा झाला. आउटलुकमध्ये परत बोलावण्याची सोय आहे, पण ती एकाच संस्थेच्या यंत्रणेतल्या खात्यांपुरती. आमचे अडतीस जण पाच-सहा वेगवेगळ्या सेवांवर होते.

मग एक मोह झाला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तीन टिंबे कोण उघडतो? काकांच्या मोबाइलवर कदाचित फक्त वरच्या दोन ओळी दिसतील. आपण माफी मागितली, तर ज्यांनी पाहिले नाही तेही टिंबे उघडतील. गप्प बसलो तर सोमवारपर्यंत मेल खाली सरकेल. हा युक्तिवाद आम्ही एकमेकांना मध्यरात्रीपर्यंत ऐकवला. शेवटी तो एका साध्या गोष्टीवर मोडला: ताईंनी वाचले होते, म्हणजे काकांना उद्या कुणीतरी सांगणार होते. आमच्याकडून कळणार की दुसऱ्याकडून, एवढेच आता आमच्या हातात उरले होते.

त्याच रात्री माफीचा पहिला मसुदा लिहिला. तो दीड पानाचा झाला. त्यातली काही वाक्ये अशी होती: “तांत्रिक चुकीमुळे काही वैयक्तिक मजकूर प्रसारित झाला.” “आमचा हेतू कुणालाही दुखावण्याचा नव्हता.” “जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत.” “कृपया तो मेल न वाचता डिलीट करावा.”

तिसऱ्या वाक्यापाशी आम्ही थांबलो. मित्रहो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. वर्गात कुणी आरक्षणावरून टोमणा मारतो, ऑफिसात कुणी आडनाव विचारून हसतो, तक्रार झाली की हेच वाक्य येते: जर भावना दुखावल्या असतील तर. या ‘जर’वर आपणच किती लिहिले, बोललो आहोत! अपमान झाला की नाही हेच तो संशयित करतो. दोष बोलणाऱ्याकडून उचलून ऐकणाऱ्याच्या कातडीवर ठेवतो: तुम्हीच जरा हळवे. आणि आपल्यावर वेळ आली तेव्हा आमच्या बोटांतून पहिल्या झटक्यात तेच वाक्य उतरले. कुणी शिकवले नव्हते.

‘तांत्रिक चूक’ही तशीच. तांत्रिक चुकीने शेरे पोहोचले. लिहिले गेले नव्हते. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या भाषेला आम्ही दोन पदवीधर हसलो होतो, तेही त्याने उभ्या केलेल्या अभ्यासिकेत बसून. ज्यांच्या बोलीला पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध म्हटले गेले, त्यांची आम्ही मुले. शुद्धलेखनाची ती काठी आमच्या हातात कधी आली, हे आम्हालाच कळले नव्हते. पण हेही मेलमध्ये घालायचे नाही, असे ठरवले. तो आमचा हिशेब होता. काकांना त्याचे काय करायचे होते?

मसुदा तसाच ठेवून झोपलो. सकाळी सातला काकांच्या घरी गेलो. मेल आधी पाठवायचा की आधी भेटायचे, यावर थोडा वाद झाला होता. आधी मेल गेला असता तर माफी त्यांना अडतिसातला एक म्हणून मिळाली असती.

काकांना रात्रीच पुतण्याने वाचून दाखवले होते. आम्ही ओट्यावर उभे राहून म्हणालो, “काका, आम्ही तुमच्याबद्दल जे लिहिलं ते वाईट होतं. माफी मागायला आलोय.” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मोबाइल चुकीचं लिहितो हे मला बी दिसतं. पण थांबलो तर कळवणार कोण?” चहा झाला. आम्ही माफ केले का, असे विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. सगळ्यांना माफीचा मेल पाठवणार आहोत, त्यात तुमचे नाव घ्यायचे की नाही, एवढे विचारले. ते म्हणाले, “नाव घ्या. नाव न घेता लिहिलं तर लोक अंदाज करत बसतील. आणि बैठकीची वेळ परत टाका, नाहीतर समदे त्याच्यातच अडकतील.”

नऊला मेल गेला. जुन्या धाग्याला उत्तर दिले असते तर तेच शेरे पुन्हा खाली चिकटून गेले असते, म्हणून तो नवा कोरा लिहिला. फक्त काकांच्या पूर्ण नावाच्या जागी इथे ‘काका’ ठेवले आहे:

विषय: काल रात्रीच्या मेलबद्दल माफी

सर्वांना जय भीम.

काल रात्रीच्या बैठकीच्या मेलखाली, काकांविषयी आम्ही दोघांनी आपापसात लिहिलेले शेरे तुम्हा सर्वांना गेले. ते शेरे अपमानकारक होते आणि ते आम्हीच लिहिले होते. काकांची आज सकाळी घरी जाऊन माफी मागितली. अपमान सर्वांसमोर झाला, म्हणून सर्वांसमोरही माफी मागतो.

बैठक ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी दहाला आहे.

जय भीम.

खाली आम्हा दोघांची नावे. ‘अभ्यासिका समिती’ लिहिले नाही, कारण समितीने काही केले नव्हते. ‘डिलीट करा’ हे वाक्य काढले; त्याने उरलेल्यांनीही टिंबे उघडली असती, आणि कुणी काय वाचावे हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. शेऱ्यांत काय होते, हेही लिहिले नाही, नाहीतर माफीच्या निमित्ताने अपमान दुसऱ्यांदा झाला असता. हेतूचा उल्लेखही गाळला. हेतू काय होता ते शेरे वाचणाऱ्याला दिसतच होते.

तीन उत्तरे आली. दोघांनी फक्त ‘जय भीम’ लिहिले. एका ज्येष्ठ सरांनी सगळ्यांना लिहिले की एवढ्याशा गोष्टीचा बाऊ नको, मुले आहेत, चालायचेच. आम्हाला वाचवायला आलेले ते उत्तर आम्हाला सगळ्यात जड गेले. त्याला मान डोलावली असती तर सकाळी नऊचा मेल रद्द झाला असता. त्याच धाग्यात सरांशी वाद घातला असता, तर काकांच्या नावावर पुन्हा दहा मेल फिरले असते. आम्ही सरांना फोन केला आणि तेवढ्यावर थांबवले.

राहिला पावत्यांचा प्रश्न. आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते की तो माफीच्या मेलमध्येच एका वाक्यात नोंदवावा: भाषेबद्दल चुकलो, हिशेबाचा मुद्दा मात्र कायम. दुसऱ्याचे म्हणणे, मग ती माफी राहत नाही, सौदा होतो. दुसऱ्याचे ऐकले. पण मग उलटा धोका आला. माफी मागितली म्हणून प्रश्नच गिळायचा, तर वर्गणी देणाऱ्या घरांशी तो अप्रामाणिकपणा झाला असता, आणि काकांनाही आम्ही केवळ सांभाळून घेण्याचा म्हातारा ठरवले असते. म्हणून जयंती होऊ दिली. एप्रिलच्या शेवटच्या बैठकीत विषयपत्रिकेवर सरळ लिहिले: मागील व चालू वर्षाचा जमाखर्च, पावत्यांसह. स्टॉलच्या खर्चाचा आमचा हिशेब आधी ठेवला, मग काकांचा मागितला. काकांनी एक डालड्याचा जुना डबा आणला होता. त्यात पावत्या होत्या, मंडपवाल्याची सोडून. ती नव्याने आणायचे त्यांनी कबूल केले आणि आठवड्याने आणलीही.

तेव्हापासून सूचनेच्या मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते आम्ही Bcc मध्ये टाकतो. त्यामुळे कुणी Reply all दाबले तरी उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे येते. शेरे लिहिणे बंद झाले आहे का, याचे उत्तर ‘बरेचसे’ असे आहे.

मे महिन्यात काकांचा पुन्हा लांब मेल आला, सगळ्यांना. अभ्यासिकेच्या पाण्याच्या टाकीबद्दल. पूर्णविराम एकही नव्हता, ‘टाकी’ची दोनदा ‘टाके’ झाली होती. आम्ही नवा मेल उघडून उत्तर लिहिले: काका, मेल मिळाला, प्लंबरला शनिवारी सकाळी बोलावले आहे, तुम्ही असाल ना?