मंदिराच्या पायरीवरचे 500 रुपये



मागच्या वर्षी एका काकूंना मी खाकऱ्याच्या 500 रुपये बाकीची आठवण केली. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, मंदिराच्या पायरीवर दिले ना तुला!" खरंच दिले होते. मी पर्समध्ये टाकले आणि वहीत लिहायचं राहिलं. फार लाज वाटली.

माझ्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, बिल नंबर, नाव, बिल, मिळाले, बाकी. काकूंचं बिल नंबर 14, रक्कम 1,200. आधी 700 मिळाले, बाकी 500. पुढचे पैसे आले की जुना आकडा खोडायचा नाही. त्याच बिल नंबरची नवी ओळ लिहायची.

महिनाअखेर बिलांच्या बेरजेतून मिळालेले वजा केले: 6,400 वजा 5,100, बाकी 1,300. प्रत्येकीची बाकी मिळवली, तीही 1,300. सगळं जुळलं, तरी चूक होतीच! लिहिलेच नाहीत ते पैसे बेरजेत कसे सापडणार?

म्हणून आता रोख हातात आली की तिथेच समोरच्या बाईंना मेसेज करते: "बिल 14, 500 मिळाले, बाकी नाही." रात्री ते मेसेज बघून वही भरते. माझ्याकडून राहिलं, तरी त्यांच्याकडे नोंद असते.