वाटी आणि शंकू

उद्या तोंडी परीक्षा. समोर ताण-चाचणीत तुटलेली माइल्ड स्टीलची सळई आहे. एका टोकाला वाटी, दुसऱ्याला शंकू. हात सारखा त्या खरखरीत वाटीकडे जातो.

परीक्षक हमखास विचारतात, “कमाल भारानंतर भार उतरतो, म्हणजे धातू दुबळा झाला?” नाही, सर. धातू कणखर होतच असतो, पण मान पडून छेद त्याहून वेगाने आक्रसतो. १० मिमी व्यासाच्या या सळईने ३३ किलोन्यूटन पेलले, म्हणजे ४२० मेगापास्कल. तुटताना भार २५ होता, पण मानेचा व्यास जेमतेम ६ मिमी; तिथला सरासरी ताण ८८० वर गेला. शेवटपर्यंत धातूची ताकद वाढतच होती, हे मनातून जात नाही.

“मग ब्रिनेल कठिणता?” ४२० भागिले ३.४५, अंदाजे १२२. हा ठोकताळा पोलादाचा. ओतीव लोखंडाला लावू नका.