तीन रुपयांचा हिशेब

अ‍ॅरेच्या तासाला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, “सर, जागा संपली की दुप्पट जागा घ्यायची आणि जुने सगळे घटक तिकडे कॉपी करायचे. मग एक घटक जोडायला सरासरी ठरावीकच वेळ लागतो, असं कसं म्हणता?” शंका रास्त आहे. उत्तर द्यायला मी फळ्यावर जमाखर्च मांडतो.

एक घटक लिहिण्याचा किंवा कॉपी करण्याचा खर्च एक रुपया धरू. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक घटकाकडून मात्र तीन रुपये घ्यायचे. एक लगेच लिहिण्यात जातो, दोन शिल्लक राहतात. समजा, चार जागांच्या आठ झाल्या आणि गल्ला रिकामा आहे. पाचवा, सहावा, सातवा, आठवा घटक आला, दोन-दोन करत आठ रुपये साठले. नववा येताच आठ घटक हलवावे लागतात आणि गल्ल्यात नेमके आठ रुपये असतात. म्हणजे नव्या घटकांनी आपल्याबरोबर जुन्यांचंही भाडं भरलं. अ‍ॅरे कितीही वाढला तरी उधारी होत नाही.

एका जागेपासून सुरुवात करून दहा लाख घटक जोडले, तर कॉपी होतात १ + २ + ४ अशा ५,२४,२८८ पर्यंत, एकूण १०,४८,५७५. घटकामागे एकाहून किंचित जास्त.

सगळी किमया पटीत आहे. जागा दर वेळी एक हजारानेच वाढवली, तर त्याच दहा लाख घटकांसाठी ४९ कोटी ९५ लाख कॉपी होतात, घटकामागे जवळपास पाचशे. घटक दुप्पट झाले की एकूण वेळ साधारण चौपट होतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये असं दिसलं, तर जागा वाढवण्याचा नियम आधी तपासा. पट दोनचीच हवी असं नाही. जावाची `ArrayList` जागा सुमारे दीडपट करते, तिथेही सरासरी ठरावीकच राहते.

ही सरासरी नशिबावरची नाही. रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ च्या लेखात अशा हिशेबाची पद्धत नीट मांडली. त्यात शक्यता कुठेच येत नाही. जागा दुप्पट होत असेल, तर रिकाम्या अ‍ॅरेपासून केलेल्या कितीही जोडण्या घ्या, त्यांचा एकूण खर्च जोडण्यांच्या तिपटीपलीकडे जात नाही.

पण हमी एकूण खर्चाची आहे, एकेका जोडणीची नाही. दहा लाखांच्या त्या प्रवासात एका जोडणीला ५,२४,२८८ घटक हलवावे लागतात. आवाज अखंड वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तेवढा थांबाही खटकू शकतो. तिथे अंदाज घेऊन आधीच जागा राखावी. सी++ मध्ये त्यासाठी `reserve` आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझं उत्तर असं: जागा पटीत वाढत असेल, तर सरासरी वेळ ठरावीकच. एकही जोडणी रेंगाळून चालणार नसेल, तर मात्र या सरासरीवर विसंबू नकोस.