आठ बाटल्या आणि सोळा चमचे

गेल्या मे महिन्यात लेक न्यू जर्सीहून बेलवलीला आली. सोबत तीन महिन्यांची नात, आणि एका बॅगेत दुधाच्या ९६ बाटल्या. एकेक बाटली ५९ मिलीलीटरची, म्हणजे तिकडच्या मापात दोन औंस. झाकण फिरवायचं, निपल बसवायचं, पाजायचं. पाणी नको, उकळणं नको. तिच्या आईनं एक बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "अगं, पाणी इथेही मिळतं. एवढं पाणी विमानातून कशाला आणलंस?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण मुद्द्याचा होता. तयार दुधात बहुतेक भाग पाणीच असतो. नात रात्री आणि पहाटे आईच्या अंगावर प्यायची आणि दिवसभरात वरचं साधारण ४८० मिलीलीटर घ्यायची. १२०-१२० चे चार फेरे, म्हणजे दिवसाला आठ बाटल्या. महिन्याच्या मुक्कामाला २४० लागल्या असत्या, म्हणजे १४ किलोंहून जास्त वजन. तेवढंच दूध पावडरच्या रूपात दोन किलोंच्या थोडं वर भरतं. लेकीनं मधला मार्ग काढला होता. आठ बाटल्या परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवायच्या, ८८ बाटल्यांवर पहिले अकरा दिवस काढायचे आणि मग स्टेशनजवळच्या केमिस्टकडून पावडरचा डबा आणायचा. तयार दुधाची बाटली तिथे नव्हतीच. त्या केमिस्टला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

नातीचे आजोबा, म्हणजे अस्मादिक, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. घरात थर्मामीटर आहे आणि तो लावायला कारणं शोधणारा माणूसही आहे.

बाटल्यांची बॅग पहिल्या दिवशी माळ्यावर गेली. घर वरच्या मजल्यावरचं, डोक्यावर तापलेला स्लॅब. दुपारी तीनला माळ्यावर पारा ४१ वर. न उघडलेली बाटली निर्जंतुक असते हे खरं, पण ती हमी घरातल्या साधारण तापमानाची असते. उष्णता सोसणारे काही बीजाणू कारखान्यातल्या प्रक्रियेतूनही तग धरू शकतात. थंडाव्यात ते निपचित पडून राहतात आणि फार तापलं की जागे होतात. शिवाय उष्णतेनं काही जीवनसत्त्वंही लवकर घटतात. बाटल्या त्याच संध्याकाळी देवघराखालच्या कपाटात हलल्या, तिथे ३४ होतं. वर जमलेला स्निग्धांशाचा थर हलवल्यावर मिसळला तर काळजी नाही. गाठी तशाच राहिल्या, वास आंबूस आला, बाटली फुगलेली दिसली किंवा सील आधीच सैल असलं, तर ती बाटली फेकायची. आमच्यावर तशी वेळ आली नाही.

खरी ठिणगी पडली ती उरलेल्या दुधावरून. लेक एका वेळी एकच बाटली उघडायची आणि पहिली संपली तरच दुसरी. एका दुपारी नातीनं दुसरीतलं निम्मं पिऊन तोंड फिरवलं. आजीनं बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तासाभरानं लेकीनं ती बेसिनमध्ये ओतली.

"पन्नास रुपये ओतलेस," आजी म्हणाली. हिशेब बरोबर होता. दोन खोकी शंभरावर डॉलरची, म्हणजे बाटली शंभर रुपयांच्या आसपास.

"आई, तिनं तोंड लावलंय त्याला."

बाळानं तोंड लावलं की लाळेतले जंतू दुधात उतरतात, आणि दूध हे त्यांचं आवडतं खाद्य. अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणेचा नियम असा की पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात उरलेलं टाकून द्यायचं, मग ते बाटलीतलं असो वा पावडरचं. तोंड न लावलेली उघडी बाटली मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवली तर ४८ तास चालते. पावडरचं कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तास, बाहेर दोन तास. पण यात फ्रिज चालू आहे हे गृहीत धरलेलं असतं. त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी सकाळी नऊला गेलेली वीज दुपारी तीनला आली. दार न उघडता फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. आमचं दार पाण्याच्या बाटल्यांसाठी दहादा उघडलं होतं. आत १६ अंश. फ्रिजमधलं सगळं दूध गेलं, आणि या वेळी आजीनं स्वतःच ओतलं.

बाराव्या दिवशी पावडर आली. ४०० ग्रॅमचा डबा साडेचारशेच्या घरात. दिवसाला साधारण ७२ ग्रॅम धरले तर डबा साडेपाच दिवस पुरतो, म्हणजे रोजचे ऐंशी रुपये. बाटल्यांचे आठशे होत होते.

पहिल्याच फेऱ्याला मोठी चूक होता होता राहिली. लेकीनं १२० मिलीलीटर पाणी मोजून घेतलं आणि दोन चमचे पावडर टाकली. तिकडच्या डब्यातला चमचा मोठा, ६० मिलीलीटरला एक. इथल्या डब्यातला लहान, ३० ला एक. लागत होते चार. आजोबांनी डब्यावरचा तक्ता मोठ्यानं वाचला म्हणून लक्षात आलं. असं निम्म्या ताकदीचं दूध बाळ गुपचूप पितं, पोटही भरल्यासारखं दिसतं. वजन मात्र वाढत नाही. महिनाअखेर डबा पुरवण्यासाठी कुणी एक चमचा कमी टाकतं तेव्हाही हेच घडतं. महागडं दूध उरलेलं जपायला लावतं, स्वस्त दूध पातळ करायला लावतं. बाळाच्या पोटाला दोन्ही वाईट.

दुसरी गोष्ट जंतूंची. पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जीवाणू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि कोमट पाणी मिळालं की वाढतो. हा संसर्ग विरळा, पण दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जीवघेणा. २०२२ च्या फेब्रुवारीत मिशिगनमधल्या स्टर्जिसच्या कारखान्यातली पावडर याच कारणानं बाजारातून परत मागवली गेली. द्रवरूप दूध त्यात नव्हतं. आमच्या डब्यावर कोमट पाणी लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची मार्गदर्शिका मात्र सांगते की पाणी ७० अंशांच्या खाली नको, म्हणजे पावडरीतले जंतू तिथेच मरतात. नातीच्या डॉक्टरांनीही गरम पाण्यालाच होकार दिला.

उल्हास नदीचं नळाला येणारं पाणी उकळायचं, गॅस बंद करून झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. स्टीलच्या पातेल्यातलं अर्धा लिटर पाणी आमच्याकडे २६ मिनिटांनी ७० वर आलं. आधी बाटलीत पाणी, मग सपाट चमचे. उलट केलं तर माप चुकतं. त्यानंतर दूध झटपट निवायला हवं. पुस्तकात लिहिलंय, बाटली नळाखाली धरा. बेलवलीत मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ३९ अंशांचं होतं. त्यात दूध पाजण्याइतकं निवेपर्यंत नात रडून लाल. शेवटी माठातल्या पाण्याचं भगुलं आणि त्यात बर्फाचे चार खडे, चार मिनिटांत काम.

जूनचे पहिले ढग आले तशी पावडर चमच्याला चिकटू लागली. कुणीतरी ओला चमचा परत डब्यात ठेवला होता. तो कुणी, यावर घरात अजून एकमत नाही. डब्याचा तळ गाठींसकट टाकून दिला आणि नवा डबा फोडला. झाकणावर उघडल्याची तारीख लिहायचं काम आजीनं आपल्याकडे घेतलं.

निघायच्या रात्री लेकीनं राखलेल्या आठ बाटल्या हातातल्या पिशवीत भरल्या. विमानात उकळतं पाणी कुणाकडे मागणार आणि माठ कुठे शोधणार! आजीनं त्या एकेक करून दिव्याखाली धरल्या, हलवून पाहिल्या, सील दाबून पाहिलं आणि मग लेकीच्या हातात दिल्या.